भिंत काढायची आहे, सेक्रेटरींना पत्र काय लिहू? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावातल्या सोळा फ्लॅटच्या सोसायटीत मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो. पोटापाण्याला साइट सुपरवायझरचं काम केलं, त्यामुळे भिंत फोडायची म्हटली की लोक अजूनही माझ्याकडेच येतात. ‘हॉल आणि किचनमधली भिंत काढायची आहे, पत्र कसं लिहू?’ हा प्रश्न वर्षातून दहा-बारा वेळा तरी ठरलेला. तेवढ्याच एका कामाचं इथे लिहिलं आहे. बाथरूम सरकवणं किंवा बाल्कनी बंद करणं हे वेगळे विषय आहेत, ते यात नाहीत.

घर माझं, भिंत माझी. मग परवानगी कशाला?

फ्लॅट तुमचा, पण तुमच्या छतावरची तुळई वरच्या घराचा भार घेते आणि तुमची फरशी म्हणजे खालच्यांचं छत. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये स्पष्ट म्हटलेलं आहे की समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सभासदाने सदनिकेत वाढीव काम किंवा फेरबदल करू नये, आणि त्यासाठी अर्ज सेक्रेटरींकडे करावा. कलमाचा क्रमांक उपविधींच्या आवृत्तीप्रमाणे बदलतो, म्हणून पत्रात क्रमांक घालायचा असेल तर आपल्या सोसायटीने स्वीकारलेली प्रत उघडून बघा. दुसऱ्याच्या पत्रातून उतरवू नका.

आमची सोसायटी नाही, ‘अपार्टमेंट’ आहे. आम्हालाही हेच लागू का?

जळगाव, धुळे, भुसावळ इथे अशा इमारती बऱ्याच आहेत. पाटीवर अपार्टमेंट लिहिलंय म्हणून ती अपार्टमेंट होत नाही. खरेदीखताबरोबर ‘डीड ऑफ डिक्लरेशन’ नोंदवलेलं असेल तर तुम्ही १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली येता. त्यात तर इमारतीच्या मजबुतीला धोका पोचेल असं काम बाकी सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय करायचंच नाही, असा सरळ नियम आहे. पत्र सेक्रेटरींऐवजी असोसिएशनच्या नावे जाईल. मजकूर खाली दिलाय तोच चालेल.

पत्रात ‘घराचे रिनोव्हेशन करायचे आहे’ एवढं लिहिलं तर पुरत नाही का?

नाही, आणि हे मी चूक करून शिकलोय. माझ्या पहिल्याच वर्षी एका सभासदाने दोन ओळींचा अर्ज दिला, ‘किचनचे इंटिरिअर काम करणे आहे, परवानगी मिळावी.’ मी समितीपुढे ठेवला, सगळ्यांनी मान डोलावली, पत्र दिलं. आठवड्याने खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, ‘भाऊ, आमच्या पंख्याच्या वर कायतरी ठोकताहेत दोन दिवस झाले.’ गेलो तर भिंत गेलेली होती. मिस्त्रीने छताची उंची एकसारखी दिसावी म्हणून तुळईचा खालचा भागही छिनून घेतला होता. दीड इंच काँक्रीट गेलं होतं आणि दोन लोखंडी सळया उघड्या पडल्या होत्या, त्यांच्यावर छिन्नीचे चकाकते घाव होते.

सळई तुटली नव्हती हे नशीब. स्ट्रक्चरल इंजिनिअरने खाली टेकू देऊन ती जागा साफ करून घेतली, सळयांना गंजरोधक लावला आणि दुरुस्तीच्या खास मॉर्टरने आवरण पुन्हा भरलं. खर्च त्या सभासदानेच केला. पण माझ्या हातात कागद काय होता? ‘इंटिरिअर काम’. त्यात भिंतीचं नाव नव्हतं आणि तुळईला हात लावू नये असंही कुठे नव्हतं. अर्जात जे लिहिलेलं नाही त्यावर अट घालता येत नाही.

तेव्हापासून माझी कसोटी एकच. ते पत्र हातात घेऊन कुणी परका माणूस तुमच्या घरात उभा राहिला, तर नेमक्या त्या भिंतीवर त्याला बोट ठेवता आलं पाहिजे. कुठून कुठपर्यंत जाणार आणि काय जाग्यावर राहणार, हे त्याला कुणाला न विचारता कळलं पाहिजे.

ही भिंत काढण्यासारखी आहे की नाही हे मला कसं कळेल?

पक्कं सांगायचं काम इंजिनिअरचं. पण त्याला बोलावण्याआधी तुम्हीही बरंच बघू शकता.

आधी जाडी मोजा. दाराच्या चौकटीपाशी टेप लावा. साडेचार इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसकट साधारण साडेपाच ते सहा इंच भरते, नऊ इंची भिंत दहा इंचांच्या आसपास. कॉलम-बीमच्या इमारतीत साडेचार इंची भिंत बहुतेक वेळा नुसती आडोशाची असते. पण ‘बहुतेक वेळा’ हा शब्द लक्षात ठेवा.

मग मान वर करून छत बघा. भिंतीच्या डोक्यावरून तिच्याच लांबीने तुळई जात असेल आणि ती दोन्ही टोकांना कॉलमवर टेकत असेल, तर चांगली खूण आहे. स्लॅबचा भार तुळई घेतेय, भिंत तिच्याखाली भरून काढलेली आहे. उलट दुसऱ्या दिशेने आलेली एखादी तुळई तुमच्या भिंतीवर येऊन संपत असेल आणि तिथे कॉलम दिसत नसेल, तर तिथेच थांबा. तुळईचं टोक कॉलमवर नाहीतर दुसऱ्या तुळईवर टेकलेलं असलं पाहिजे. ते नुसत्या विटांवर असेल तर ती भिंत भार घेते, आणि मग हे पत्र लिहायचंच नाही, आधी डिझाइन करून घ्यायचं.

तिसरी गोष्ट म्हणजे लपलेला कॉलम. जुन्या प्लॅनमध्ये कॉलम काळे भरलेले चौकोन म्हणून दाखवलेले असतात. प्लॅन नसेल तर लोक बारीक ड्रिल मारून भुकटी बघतात, लाल आली तर वीट आणि राखाडी आली तर काँक्रीट. हा आडाखा आपल्याकडे फसवा आहे. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राच्या राखेमुळे या भागात राखेच्या विटा भरपूर वापरल्या जातात आणि त्यांची भुकटी राखाडीच निघते. म्हणून रंगावर जाऊ नका, ड्रिलचा हात बघा. विटेत ते एकसारखं आत जातं. काँक्रीटमध्ये काळ्या खडीवर अडतं, खडखडतं, वास येतो. सळईला लागलं तर आवाजच बदलतो. तसं झालं की लगेच काढून घ्या.

लोड बेअरिंग इमारत असेल तर?

दुमजली किंवा तिमजली जुनी इमारत, कोपऱ्यांना कॉलम नाहीत, आतल्या भिंतीही नऊ इंची, छताला तुळया दिसत नाहीत. असं असेल तर स्लॅब भिंतींवरच बसलाय. तिथे भिंत काढायची परवानगी मागू नका आणि समितीने देऊ नये. दार रुंद करायचं असलं तरी टेकू, लोखंडी किंवा आर.सी.सी. तुळई आणि इंजिनिअरची सही हे सगळं लागतं, आणि महापालिकेकडे किंवा नगरपरिषदेकडे जावं लागतं.

किचनचा माळा त्याच भिंतीत आहे. त्याचं काय?

हा प्रश्न लोक स्वतःहून फार कमी विचारतात, म्हणून मीच विचारून घेतो. आपल्याकडच्या किचनमध्ये सात फुटांवर आर.सी.सी. माळा असतो. पितळी डबे, पापडाचे डबे, मोठं पातेलं, कुरडयांचा साचा सगळं त्यावर. त्या माळ्याची एक कड पुष्कळदा नेमकी याच साडेचार इंची भिंतीत अडकवलेली असते. भिंत काढली की माळा एका बाजूने लटकला. तो लगेच पडत नाही, हीच अडचण आहे. मिस्त्री म्हणतो, ‘बघा, राहिला ना!’ आणि दिवाळीला कुणीतरी डबा काढायला त्यावर हात टाकतं.

माळा आधी काढायचा, भिंत नंतर. नाहीतर माळा बाकीच्या दोन भिंतींवर पुरेसा टेकतो असं इंजिनिअरने लिहून दिलं पाहिजे. ओट्याचं तेच. ओट्याची कडाप्पा किंवा ग्रॅनाइटची फरशी त्या भिंतीत खोचलेली असेल तर तेही पत्रात आलं पाहिजे.

अख्खी भिंत मागू की ओपनिंग मागू?

माझं मत विचाराल तर ओपनिंग मागा. दहा फुटांच्या भिंतीत दोन्ही टोकांना दीड-दीड फूट ठेवलं तर मध्ये सात फूट मोकळे मिळतात, आणि हॉलमधून बघणाऱ्याला फरक कळत नाही. त्या दीड फुटात बहुधा स्विचबोर्ड असतात, टोकाला कॉलम असेल तर त्याच्या जवळ छिन्नी जात नाही. समितीलाही ‘भिंत काढणे’ यापेक्षा ‘सात फुटांचे ओपनिंग’ पचायला सोपं जातं.

एक खबरदारी घ्या. ओपनिंग थेट तुळईच्या बुडापर्यंत नेलं तर वर विटा उरत नाहीत, म्हणून लिंटेल, म्हणजे वरच्या विटा पेलणारी आडवी पट्टी, लागत नाही. पण पडदा किंवा कपाट लावायला वर दीड फूट भिंत ठेवायची म्हणाल, तर त्या लोंबत्या विटांखाली लिंटेल घालावाच लागेल आणि त्याची टोकं दोन्ही बाजूंच्या भिंतीवर निदान सहा इंच टेकली पाहिजेत. ‘जुनं प्लास्टर पकडून ठेवतं’ असं मिस्त्री सांगतो. काही दिवस ठेवतं सुद्धा.

इंजिनिअरकडून नेमकं काय लिहून घ्यायचं?

‘काम सुरक्षित आहे’ या एका ओळीच्या पत्राला किंमत नाही. इंजिनिअरने प्रत्यक्ष जागा पाहिल्याची तारीख, भिंतीची जाडी आणि लांबी, ती भार घेत नाही हे कशावरून ठरवलं, आणि कॉलम, तुळई, स्लॅब यांना हात लागणार नाही, इतकं तरी हवं. सोबत एका कागदावर हातानेच का होईना, पण मापांसह नकाशा. काढायचा भाग लाल, राहणारा भाग काळा. समितीतले आबा-नाना लोक दाखला वाचत नाहीत, लाल रेघ मात्र सगळे बघतात.

इंटिरिअर डिझायनरचं पत्र चालत नाही. तो माणूस हुशार असेल, पण हा त्याचा प्रांत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा.

आता पत्रच द्या. मी नाव-गाव भरून घेईन.

घ्या. हे आमच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या ३०२ क्रमांकाच्या फ्लॅटचं पत्र आहे. मापं आपली टाका.

> दिनांक :
>
> प्रति,
> मा. सेक्रेटरी,
> ………… सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
> जळगाव.
>
> विषय : सदनिका क्र. ३०२ मधील हॉल व स्वयंपाकघर यांच्यामधील साडेचार इंची विटांच्या भिंतीत ७ फूट रुंदीचे ओपनिंग करण्यास परवानगी मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> मी सदनिका क्र. ३०२ चा/ची सभासद आहे. सदर सदनिकेतील हॉल व स्वयंपाकघर यांच्यामध्ये १० फूट लांबीची, साडेचार इंची विटांची भिंत आहे. तिच्या दोन्ही टोकांना दीड-दीड फूट भिंत कायम ठेवून मधला ७ फुटांचा भाग जमिनीपासून तुळईच्या खालच्या पातळीपर्यंत, म्हणजे साडेआठ फूट उंचीपर्यंत, काढण्याचे योजिले आहे.
>
> या कामात कोणताही कॉलम, तुळई किंवा स्लॅब तोडला, छिनला किंवा त्यात खाच पाडली जाणार नाही. स्वयंपाकघरातील आर.सी.सी. माळ्याची एक कड या भिंतीत असल्याने तो माळा भिंतीच्या आधी काढण्यात येईल. पाण्याची, सांडपाण्याची किंवा गॅसची कोणतीही लाइन सरकवली जाणार नाही. भिंतीतील विजेची वायरिंग परवानाधारक वायरमनकडून आधी बंद व स्थलांतरित केली जाईल.
>
> स्ट्रक्चरल इंजिनिअर यांनी दि. ……… रोजी जागेची पाहणी करून दिलेला दाखला व मापांसह नकाशा सोबत जोडला आहे.
>
> तोडकाम दि. ……… ते दि. ……… या तीन दिवसांत, सकाळी १० ते १ व दुपारी ४ ते ६ या वेळेत, छिन्नी-हातोडीने करण्यात येईल. ब्रेकर वापरला जाणार नाही. मलबा त्याच दिवशी पोत्यांत भरून जिन्याने खाली नेला जाईल. तो लिफ्टमधून नेला जाणार नाही; बाल्कनीत, जिन्यात किंवा पार्किंगमध्ये साठवला जाणार नाही.
>
> सदनिका क्र. २०२ व ४०२ येथील रहिवाशांना कामाची माहिती दिली असून काम सुरू होण्याआधी त्यांच्या छताचे व भिंतींचे फोटो त्यांच्यासमक्ष घेण्यात येतील. या कामामुळे इमारतीचे अथवा शेजाऱ्यांचे नुकसान झाल्यास ते माझ्या खर्चाने भरून देईन.
>
> काम चालू असताना समितीचे पदाधिकारी किंवा समितीने नेमलेले इंजिनिअर यांना पाहणीस माझी हरकत नाही.
>
> तरी समितीच्या येत्या सभेत हा अर्ज ठेवून लेखी परवानगी द्यावी, ही विनंती. परवानगी नाकारल्यास कारणे लेखी कळवावीत.
>
> आपला/आपली,
> (सही) (सर्व सहमालकांच्या सह्या)
>
> सोबत : १) स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला २) मापांसह नकाशा ३) ठेकेदाराचे नाव व मोबाइल क्रमांक

यात दुपारी १ ते ४ सुट्टी का?

मे महिन्यात जळगाव-भुसावळला राहून बघा. पारा पंचेचाळीसच्या घरात, कूलर भरभरून चालू, म्हातारी माणसं आणि लहान पोरं त्या तीन तासांत जरा डोळा लावतात. तेवढ्यात हातोडा सुरू झाला की तुमच्या अर्जावर ना हरकत द्यायला आलेले शेजारीच तक्रार घेऊन येतात. मजुरांनाही ती वेळ नकोच असते.

मलब्यावर इतका भर का? मलबाच तर आहे.

हिशेब करून बघा. सात फूट रुंद, साडेआठ फूट उंच, साडेचार इंची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसकट जवळपास दीड टन भरते. पोत्यात तीस किलो म्हटलं तर पन्नास पोती. मजूर ती उचलतात आणि सगळ्यात जवळच्या मोकळ्या जागी, म्हणजे बाल्कनीत, एकावर एक लावतात. वीस चौरस फुटांच्या बाल्कनीत दीड टन म्हणजे चौरस मीटरला आठशे किलो. घरातल्या खोल्यांचा स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलो आणि बाल्कनी तीनशे किलो वापराचा भार धरून डिझाइन करतात. म्हणजे जिथे ठेवायला सगळ्यात सोयीचं, तिथे मर्यादेच्या अडीच पटींहून जास्त वजन झालं. भिंत उभी होती तेव्हा तिचं वजन खालच्या तुळईवर सरळ रेषेत जात होतं. तीच भिंत पोत्यांत भरून एका कोपऱ्यात आली की गणित बदलतं.

म्हणून मी परवानगीच्या पत्रात ठरलेली एक ओळ घालत असे, ‘एका वेळी सदनिकेत दहापेक्षा जास्त पोती नकोत, तीही भिंतींच्या कडेने पसरून.’ सभासद हसायचे. मी जिन्यात उभा राहून पोती मोजायचो.

वरच्या फ्लॅटवाल्यांची संमती लागते का?

सोसायटीत अशा साध्या आतल्या भिंतीसाठी निर्णय समितीचा असतो. वरच्यांनी सही नाही दिली म्हणून अर्ज अडत नाही. पण त्यांना सांगून ठेवणं तुमच्याच फायद्याचं आहे. भिंत तुळईला घट्ट भिडवून बांधलेली असेल तर वर्षानुवर्षं तुळई थोडी तिच्यावर विसावलेली असते. भिंत गेली की तुळई केसभर खाली बसते आणि वरच्यांच्या त्याच रेषेतल्या भिंतीवर बारीक भेग दिसू शकते. बहुतेकदा ती प्लास्टरपुरती असते. पण आधीचा फोटो नसेल तर त्यांच्या घरातली प्रत्येक जुनी भेग तुमच्या नावावर जमा होते.

भेग दिसलीच तर तिच्यावर पी.ओ.पी.चा छोटा टिपका आडवा लावा आणि त्यावर तारीख लिहा. टिपका महिनाभर सलग राहिला तर हालचाल थांबलीय. टिपका तडकला तर इंजिनिअरला फोन करा.

मिस्त्री खालून फोडायला सुरुवात करतो. चालेल?

नाही. वरून, तुळईच्या लगतच्या थरापासून. आधी वरचा एक थर पूर्ण लांबीने काढायचा आणि त्या दिवशी तिथेच थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फट बघायची. काल जितकी होती तितकीच आहे ना? तुळईवर नवीन रेघ नाही ना? मगच पुढे. फट कमी झालेली दिसली तर वरचा भार खाली येतोय, लगेच टेकू द्या आणि काम थांबवा. एवढा एक दिवस जास्त लागतो म्हणून पत्रात तीन दिवस मागितले आहेत, नाहीतर दोन माणसं दीड दिवसात उरकतात.

महापालिकेची परवानगी वेगळी लागते का?

कॉलम, तुळई, स्लॅब, बाहेरची भिंत यांना हात लागणार असेल तर हो, आणि ती परवानाधारक इंजिनिअरमार्फत घ्यायची. जळगाव-धुळ्यात महापालिका, भुसावळ-नंदुरबारला नगरपरिषद. आतली भार न घेणारी भिंत असेल तर इंजिनिअरकडून लागू नियमावलीप्रमाणे खात्री करून घ्या आणि त्याचं म्हणणं दाखल्यातच लिहून घ्या. सोसायटीची परवानगी म्हणजे पालिकेची परवानगी नव्हे, आणि पालिकेचा कागद दाखवला म्हणून सोसायटीला विचारायचं नाही असंही नाही.

भाडेकरू अर्ज करू शकतो का? कर्ज चालू असेल तर?

भाडेकरू नाही, अर्ज सभासदाचाच. गृहकर्ज चालू असेल तर करारनाम्यातली फेरबदलाची अट वाचून बँकेला कळवा. पुढे फ्लॅट विकताना खरेदीदाराच्या बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशा आणि घर ताडून बघतो, तेव्हा हीच फाइल कामाला येते.

सेक्रेटरी पत्रच घेत नाहीत. ‘तोंडी सांगितलं ना, करा’ म्हणतात.

तोंडी सांगणारा सेक्रेटरी पुढच्या निवडणुकीत बदलतो आणि नवीन माणूस काम थांबवतो. दोन प्रती न्या, एकीवर तारखेसह पोच घ्या. घेतच नसतील तर सोसायटीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. समितीची सभा महिन्यातून निदान एकदा व्हायला हवी, तेव्हा महिन्याने त्याच पत्राचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्या. तरीही उत्तर नसेल किंवा कारण न देता नकार आला तर सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात अर्ज करता येतो. मात्र ‘उत्तर आलं नाही म्हणजे मंजूर’ असं समजून हातोडा उचलू नका.

समितीने अनामत मागितली तर?

आमच्याकडे सर्वसाधारण सभेच्या ठरावाने १०,००० रुपये घेत असू आणि काम संपल्यावर जिना, लिफ्ट, पार्किंग बघून परत देत असू. ठराव दाखवा म्हणा, पावती घ्या. ठराव नाही आणि पावतीही नाही, तर ती अनामत नव्हे.

काम झाल्यावर पुन्हा काही द्यायचं असतं का?

कुणी मागत नाही, पण द्या. काम पूर्ण झाल्याचं चार ओळींचं पत्र, ओपनिंगचा समोरून एक फोटो आणि तुळईच्या बुडाचा जवळून एक फोटो, प्लास्टर करण्याआधीचा. तुळईच्या कडा शाबूत आहेत हे त्या दुसऱ्या फोटोतच दिसतं. प्लास्टर आणि रंग झाल्यावर ते कुणालाच दाखवता येत नाही.

आणि ओपन किचन खरंच बरं पडतं का?

हा पत्राचा प्रश्न नाही, पण विचारतातच. हॉलमधल्या कूलरचा झोत थेट गॅसवर जातो आणि आच विझते, हे आमच्या दोन घरांत झालंय. विझलेल्या शेगडीतून गॅस सुटत राहतो, तेव्हा कूलरची जागा आधी ठरवा. हिवाळ्यात भरताची वांगी भाजताना आणि हिरव्या मिरचीचा ठेचा परतताना हॉलमध्ये बसलेला पाहुणा ठसकतो. ३०२ वाल्या वहिनींनी सहा महिन्यांनी त्या सात फुटांत सरकतं काचेचं दार बसवून घेतलं. त्याला परवानगी लागते का, म्हणून त्या विचारायला आल्या होत्या. दार भिंतीच्या उरलेल्या दीड फुटांवर बसतंय आणि वरची पट्टी तुळईला स्क्रू मारून लावायची आहे म्हणाल्या. मी म्हटलं, वहिनी, बारीक स्क्रू चालतील, पण आधी इंजिनिअरला सळई कुठे आहे ते विचारा, आणि कळवल्याचं एक पत्र सेक्रेटरींना द्या.